वजाबाकीचा रकाना

प्रिय मित्रा,

जंगल आणि भूजल घटतं ते जीडीपीत का दिसत नाही, यावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्याच पानावर ‘जीडीपी खोटं बोलतो’ असं वाक्य आहे, ते काढ. वर्षभरात किती उत्पादन झालं, एवढंच त्याला विचारलेलं असतं आणि तेवढंच तो सांगतो. नावातच ‘सकल’ आहे, म्हणजे झीज वजा न करता. झीज वजा केली की निव्वळ उत्पादन, एनडीपी. खरी खोट त्या वजाबाकीत आहे. करवतीचा घसारा तिथे वजा होतो, पण ती ज्या जंगलावर चालली त्याचा होत नाही. देशांचं उत्पन्न मोजण्याच्या 2025 च्या नव्या आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीत अशी घट उत्पादनाचा खर्च म्हणून धरायची असं ठरलंय, पण तो फरक एनडीपीत दिसेल. जीडीपी आहे तसाच राहील.

आता तुझी चूक. जंगलाची घट म्हणून तू लाकडाची अख्खी विक्री वजा केली आहेस. सोपे आकडे घेऊ, माझ्या मनाचेच. वर्षात 100 घनमीटर लाकूड तोडलं, घनमीटरला 100 भाव मिळाला, विक्री 10,000. डिझेल आणि बाहेरून घेतलेल्या सेवांचे 2,500 गेले. उरलेलं 7,500 हे मूल्यवर्धन, ते जीडीपीत जमा. त्यातून मजुरी, यंत्रांचा घसारा आणि त्यांच्यावरचा नेहमीचा परतावा मिळून 3,500 काढले की 4,000 राहतात. घनमीटरमागे 40, ही उभ्या झाडाची किंमत. बाकीचे पैसे माणसांनी आणि यंत्रांनी कमावलेत, ते जंगलाच्या नावावर टाकता येत नाहीत. त्याच वर्षी जंगल 30 घनमीटर वाढलं असेल, तर घट 70 ची. म्हणजे वजा करायचे 2,800. तू 10,000 केलेस, मूल्यवर्धनाहूनही जास्त! तिथेच शंका यायला हवी होती.

इंडोनेशियाचा दाखला चांगला निवडलास. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट रेपेटो आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये 1971 ते 1984 चा हिशेब मांडला: जीडीपी वर्षाला 7.1 टक्क्यांनी वाढला, तेल, जंगल आणि जावाची माती यांची घट धरली की वाढ 4 टक्के. हा आकडा सगळेच उचलतात. त्यामागचा तक्ता फार थोडे उघडतात.

त्या तक्त्यात 1971 चा जीडीपी 5,545 अब्ज रुपिया आहे, 1973 च्या किमतींना. जंगलाचे उणे 312, मातीचे उणे 89, पण तेलाचे अधिक 1,527, कारण साठ्यांत त्या वर्षी भर पडली. म्हणजे सुरुवातीच्या वर्षी सुधारित आकडा जीडीपीपेक्षा मोठा! 1984 ला जीडीपी 13,520, तेल उणे 1,765, जंगल उणे 493, माती उणे 76. तेल बाजूला ठेवून दोन टोकांमधला वाढीचा दर काढून बघ. मी काढला, 7.4 च्या आसपास येतो. जीडीपीच्या दराहून थोडा जास्तच.

मग जंगल घटलंच नाही का? घटलं, दरवर्षी. पण वाढीचा दर फक्त टोकांची तुलना करतो. वजाबाकी जीडीपीपेक्षा हळू वाढली, तर दर उलट सुधारलेला दिसतो, आणि तिकडे जंगल कमी होतच असतं. म्हणून तुझ्या आलेखात दोन दरांची शर्यत नको. दरवर्षीची वजाबाकी दाखव आणि शेजारी उभ्या लाकडाचा शिल्लक साठा, घनमीटरमध्ये.

भूजल त्या हिशेबात नव्हतंच. त्याला बाजारभाव नाही, म्हणून पैशांच्या आधी पाणी मोजावं लागतं, आणि तिथे तुझा गुणाकार घसरलाय. 100 चौरस किलोमीटरमध्ये पातळी एक मीटर उतरली म्हणून तू 10 कोटी घनमीटर पाणी गेलं असं लिहिलंस. जमिनीखाली तळं नसतं रे, दगड आणि वाळूच्या फटींत पाणी असतं. त्यातलं निथळून हाती येतं त्या प्रमाणाला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. ते 10 टक्के असेल तर गेलं 1 कोटी. कठीण खडकात ते प्रमाण आणखी बरंच खाली येतं, तेव्हा तुझ्या भागातल्या खडकाचा आकडा शोध, माझा वापरू नकोस.

आणि एक गोष्ट तुझ्या बाजूची, जी तू लिहिलीच नाहीस. पाणी खाली गेलं म्हणून शेतकरी जास्त खोल बोअर घेतो, तेव्हा तो खर्च भांडवलनिर्मिती म्हणून जीडीपीत अधिक होऊन बसतो. पाणी तेच, किंबहुना कमी, आणि रकाना वाढलेला. हे पहिल्या पानावर ने, त्या काढलेल्या वाक्याच्या जागी.

विहिरींच्या पातळ्या कोणत्या महिन्यातल्या आहेत हे तक्त्यावर कुठेच नाही. एका वर्षीची पावसाआधीची आणि दुसऱ्या वर्षीची पावसानंतरची असेल, तर पुढचं सगळंच नव्याने करावं लागेल. आधी ते बघून कळव.

तुझा,
सर