इलॅस्टिसिटीसाठी ‘लवचिकता’ पुरेल का?

*“कोल्हापुरात बीसीएच्या मुलांसाठी क्लाउडची मराठी अभ्यासपुस्तिका करतोय. इलॅस्टिसिटीला लवचिकता, लेटन्सीला सुप्तता आणि अव्हेलेबिलिटीला उपलब्धता असं लिहिलंय. चालेल का?”*

उपलब्धता चालेल. सुप्तता आजच काढा. लवचिकतेबद्दल मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल.

‘लवचिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाकणारी वेताची काठी येते, नाहीतर “वेळापत्रक लवचिक ठेवा” हे वाक्य. दोन्हींत न मोडता जुळवून घेण्याचा भाव आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘स्थितिस्थापकता’ हा शब्द ताण काढल्यावर पूर्वपदावर येणं सांगतो, पण किती ताणायचं हे मागणीवर ठरतं, हे त्यात येत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०११ साली क्लाउडची जी व्याख्या केली तिच्यात या गुणाचं वर्णन आहे: मागणीच्या प्रमाणात साधनं बाहेरच्या दिशेने वाढवता यावीत आणि आतही घेता यावीत. ‘आत घेणं’ हा अर्धा भाग मराठी शब्दातून निसटता कामा नये. म्हणून मी ‘मागणीनुसार वाढघट’ असं लिहीन. पंगतीला माणसं वाढली की पाट वाढवायचे आणि पांगली की उचलायचे, ही आपल्या ओळखीची गोष्ट आहे.

पुस्तिकेत निकालाच्या दिवसाचं उदाहरण घ्या. एरवी एका संकेतस्थळाला दोन सर्व्हर पुरतात असं धरा. दुपारी एकला निकाल लागतो, गर्दी उसळते आणि दहा सर्व्हर लागतात. संध्याकाळी पुन्हा दोन पुरतात. दहावर जाता आलं तर ती विस्तारक्षमता, म्हणजे स्केलेबिलिटी. दहावर जाऊन आपोआप दोनवर परत आलं तर ती वाढघट. कुणी सेटिंगमध्ये ‘किमान दहा’ असा आकडा ठेवला असेल, तर रात्रभर रिकाम्या आठ सर्व्हरचंही भाडं चढत राहील. ही चूक अशी ओळखता येते: गर्दीचा आलेख खाली येतो, सर्व्हरची संख्या येत नाही. उलट बाजूची मर्यादाही मुलांना सांगा. नवा सर्व्हर उभा राहायला सहसा मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ जातो. बरोबर एकच्या ठोक्याला येणारी लाट तेवढं थांबत नाही. म्हणून अशा वेळी पावणेएकलाच सर्व्हर वाढवून ठेवतात. ‘लवचिकता’ एवढं वाचून हे कुणाच्या लक्षात येणार नाही, ‘वाढघट’ वाचलं की निदान “कधी वाढ, कधी घट?” हा प्रश्न तरी पडतो.

आता सुप्तता. हा शब्द ‘लेटंट’वरून आलाय हे उघड आहे, पण सुप्त म्हणजे आत दडलेलं. लेटन्सीत काहीच दडलेलं नाही. निरोप निघाल्यापासून पोचेपर्यंत जाणारा तो वेळ आहे. मी ‘विलंबकाळ’ सुचवतो. नुसतं ‘विलंब’ लिहिलं तर कुणाची तरी कुचराई वाटते, आणि इथे सगळं सुरळीत असतानाही वेळ लागतोच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई चारशे किलोमीटर धरलं, तर जाऊन येऊन चार मिलिसेकंद. सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियात असेल, तर मुंबईहून सरळ रेषेतच सुमारे तेरा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान १३० मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. `ping` ही आज्ञा दिली की `time=` च्या पुढे हाच जाण्यायेण्याचा आकडा दिसतो.

याला ‘वेग’ मात्र म्हणू नका. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूरला येणारी पाइपलाइन रिकामी असताना पाणी सोडलं, तर पहिला थेंब शहरात पोचायला लागणारा वेळ म्हणजे विलंबकाळ, आणि मग मिनिटाला किती लिटर येतं ती बँडविड्थ. महागडा प्लॅन घेऊन लिटर वाढतील, व्हर्जिनिया जवळ येणार नाही.

उपलब्धतेत एकच धोका आहे. मराठीत “माहिती उपलब्ध नाही” म्हणजे बहुधा ती नाहीच. क्लाउडमध्ये ती जागेवर असते, फक्त त्या क्षणी हाती लागत नाही. ती हरवू नये याची हमी वेगळी, तिला ‘टिकाऊपणा’ म्हणा. आणि उपलब्धतेची टक्केवारी मिनिटांत मोडून द्या. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे त्यातली सुमारे ४३ मिनिटं सेवा बंद असली तरी वचन पाळलं गेलं. ९९.९९ टक्के म्हटलं की ती सवलत चार मिनिटांवर येते.