कांदा चाळीच्या व्हिडिओला बाजारभावाचे टॅग कशाला?

प्रश्न : व्हिडिओला भरपूर टॅग टाकले तर नुकसान होतं का? विषयाशी संबंध नसलेले पण जोरात चालणारे शब्द टाकले तर काय बिघडतं? आणि बरोबर टॅग कसे निवडायचे?

टॅगच्या रकान्याने यूट्यूबवर व्हिडिओ वर येत नाही आणि एकट्या त्या रकान्याने सहसा बुडतही नाही. यूट्यूबच्या मदत पानावरच लिहिलंय की लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग चुकवतात तिथे टॅगचा उपयोग आहे, एरवी व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. पण टॅग कोंबणारा माणूस त्या रकान्यावर थांबत नाही. तेच शब्द तो शीर्षकात घालतो, वर्णनाच्या तळाशी ओततो, हॅशटॅग करून परत चिकटवतो. खरं नुकसान तिथे होतं.

शेतीच्या चॅनेलवर हे रोज दिसतं. मी अशा चॅनेलची शीर्षकं आणि वर्णनं लिहायचं काम करतो, त्यामुळे या विषयावर माझं मत ठाम आहे. एक नेहमीचा नमुना घ्या. व्हिडिओ आहे २५ टनांच्या दुपाखी कांदा चाळीचा : मापं, खालून हवा खेळती कशी ठेवायची, साहित्याचा खर्च. काम चांगलं, माहिती खरी. शीर्षक मात्र असं : ‘कांदा चाळ | आजचे कांदा बाजारभाव | लासलगाव | पीक विमा | kanda chal | PM Kisan’.

आता ‘आजचे कांदा बाजारभाव’ शोधणाऱ्यासमोर हा व्हिडिओ आला, तर दोनच गोष्टी होतात. थंबनेलवर चाळ बघून तो पुढे जातो, म्हणजे व्हिडिओ दाखवला गेला पण क्लिक नाही. नाहीतर शीर्षकाला भुलून उघडतो, भाव सांगत नाहीत हे कळताच अर्ध्या मिनिटात बाहेर पडतो. शोधात व्हिडिओ लावताना, तो शब्द शोधून आलेले लोक तो व्हिडिओ किती वेळ बघतात हे यूट्यूब पाहतं. म्हणजे बाजारभावाच्या शोधात तुम्ही टिकणार नाहीच. वर या पाहुण्यांमुळे व्हिडिओचा सरासरी बघण्याचा वेळ खाली येतो आणि प्रेक्षक कुठपर्यंत टिकले ते दाखवणारा आलेख वाचण्याजोगा राहत नाही. सुरुवातीची घसरण तुमच्या प्रस्तावनेमुळे आहे की चुकून आलेल्या लोकांमुळे, हे त्यावरून सांगता येत नाही. मग बिचारा चॅनेलवाला चांगली प्रस्तावना कापत बसतो.

हे तपासायला अंदाज लागत नाही. यूट्यूब स्टुडिओत तो व्हिडिओ उघडा, अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘रीच’वर जा, प्रेक्षक कुठून आले त्या यादीत ‘यूट्यूब सर्च’ निवडा. कोणता शब्द शोधून लोक आले ते दिसतं, आणि सविस्तर अहवालात प्रत्येक शब्दासमोर सरासरी किती वेळ बघितलं तेही दिसतं. ‘कांदा चाळ’वरून आलेला माणूस चार-पाच मिनिटं थांबतो आणि ‘बाजारभाव’वरून आलेला वीस-तीस सेकंदांत जातो, असं चित्र असेल तर दुसरा शब्द शीर्षकातून आणि वर्णनातून आजच काढा.

वर्णनात टॅगचा ढीग ओतणं हा तर सरळ नियमभंग आहे. यूट्यूब ते स्पॅम आणि फसवणुकीच्या धोरणाखाली मोजतं. पहिल्यांदा सहसा ताकीद, मग स्ट्राइक, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. हॅशटॅगचंही तसंच : ६० च्या वर गेले की त्या व्हिडिओवरचे सगळेच हॅशटॅग दुर्लक्षिले जातात. दिशाभूल करणारे असतील तर व्हिडिओच काढला जाऊ शकतो. तीन हॅशटॅग पुरेत.

प्रामाणिक टॅग कसे, तर असे :

```
कांदा चाळ, दुपाखी कांदा चाळ, kanda chal,
kanda chaal, kanda chawl, onion storage
```

बास. टॅगला ५०० अक्षरांची मर्यादा आहे ती कमाल आहे, भरायचं माप नाही. मराठी माणूस मोबाइलवर रोमन लिपीत टाइप करतो आणि ‘चाळ’ तीन तऱ्हेने लिहितो. टॅगचा खरा उपयोग एवढाच. प्रत्येक टॅगला एक प्रश्न विचारा : हा शब्द शोधून आलेल्या माणसाला या व्हिडिओत उत्तर मिळेल का? ‘लासलगाव’ शोधणाऱ्याला चाळीची मापं नकोत.

व्हिडिओत अनुदानाचा भाग खरंच असेल तर तो टॅगमध्ये लपवू नका, वर्णनात वेळेसकट लिहा. पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन भाग हवेत आणि प्रत्येक भाग १० सेकंदांचा तरी हवा, तरच व्हिडिओखाली भाग पडलेले दिसतात :

```
0:00 चाळीची मापं
3:10 खालून हवा खेळती कशी ठेवायची
7:40 अनुदानासाठी कागदपत्रं
```

शीर्षक ‘२५ टनांची दुपाखी कांदा चाळ : मापं आणि खर्च’ एवढंच. मोबाइलवर लांब शीर्षक तुटतं, म्हणून मुख्य शब्द आधी. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत काय मिळणार ते साध्या वाक्यात लिहा, कारण ‘आणखी’ दाबायच्या आधी तेवढंच दिसतं. आणि तपशिलात व्हिडिओची भाषा मराठी निवडा.

आता ‘मी टॅग वाढवले आणि व्ह्यूज वाढले’ म्हणणाऱ्यांविषयी. टॅगच्या तयार याद्या विकणारे याच वाक्यावर धंदा करतात, आणि माझ्याबरोबर काम करणारे एक अनुभवी गृहस्थही हेच ऐकवत असतात. त्यांचा दाखला चाळीच्याच व्हिडिओचा : मार्चमध्ये टॅग भरले, एप्रिलमध्ये व्हिडिओ पळाला. अहो, एप्रिलमध्ये रब्बीचा कांदा निघतो! माल शेतात पडलाय, सडायच्या आत चाळीत भरायचाय, तेव्हा राज्यभर लोक चाळच शोधणार. टॅगला हात न लावलेले चाळीचे व्हिडिओही त्या महिन्यात वर जातात. ताडून बघायचं असेल तर मागच्या महिन्याशी न जोडता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी जोडा, आणि मधल्या काळात थंबनेल किंवा शीर्षक बदललं होतं का तेही पाहा. बहुतेक वेळा टॅगबरोबर थंबनेलही बदललेलं असतं आणि श्रेय टॅगला जातं. दुसऱ्या मोठ्या चॅनेलचे टॅग पानाच्या सोर्समधून `keywords` शोधून उचलणंही असंच निरर्थक. त्यांचे प्रेक्षक त्या शब्दांनी जमलेले नाहीत.

एक सांगायचं राहिलं. बाजारभाव हा शब्दच वाईट, असं मी म्हणत नाही. चाळीत किती महिने माल ठेवला तर भाव आणि घट यांचा हिशोब कसा बसतो, हे व्हिडिओत आकड्यांसकट सांगितलं असेल तर तो शब्द शीर्षकातही शोभतो. ‘आजचे’ मात्र नको, कारण तो व्हिडिओ उद्याही तिथेच असणार आहे. आणि जुने व्हिडिओ दुरुस्त करायला बसलात तर आधी वर्णनातले ढीग काढा, मग शीर्षकं सुधारा. टॅगच्या रकान्याला वेळ उरला तरच हात लावा, नुसते ते बदलून जुना व्हिडिओ उठत नाही.