केटामाइनच्या आधी जुनी फाइल

‘ताईला तीन वर्षांपासून डिप्रेशन आहे. गोळ्या बदलून झाल्या, फरक नाही. आता डॉक्टर केटामाइन सुचवतायत. ते तर भुलीचं औषध, आणि लोक नशेसाठीही घेतात म्हणे. तिला सवय लागली तर? काही बरंवाईट झालं तर? आम्ही हो म्हणावं का?’
– एका रुग्णाचा भाऊ, नाशिक

तुमच्या ताईंची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे हो किंवा नाही मी सांगणार नाही. पण आमच्या मनोविकार विभागाच्या जर्नल क्लबमध्ये याच विषयावरचा एक शोधनिबंध मांडला गेला, तेव्हा एका रुग्णाची हकिगत सांगायचं काम समुपदेशक म्हणून माझ्याकडे होतं. जर्नल क्लबमध्ये एक जण निबंध मांडतो आणि बाकीचे त्याची उलटतपासणी घेतात. त्या चर्चेतलं तुमच्या कामाचं ते इथे सांगते. रुग्णाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुलभाताई सत्तेचाळीस वर्षांच्या, नोकरी बँकेत. चिठ्ठीवर लिहून आलं होतं: ‘तीन औषधं निष्फळ, केटामाइनचा विचार व्हावा.’ उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणायला साधारण निकष असा की, नैराश्याच्या याच झटक्यात किमान दोन औषधं, पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ, म्हणजे सहा आठवड्यांच्या आसपास घेऊनही फरक पडलेला नसावा. आम्ही त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडून तारखा जुळवल्या. एस्सिटालोप्राम तीन महिने नीट घेतलं होतं, ते मोजायचं. सर्ट्रालिन मळमळीमुळे तिसऱ्या आठवड्यात बंद झालं होतं. अमिट्रिप्टिलिन होतं २५ मिलिग्रॅम, ते झोपेसाठी दिलेलं, नैराश्यासाठी ती मात्रा पुरत नाही. म्हणजे तीनपैकी खरी चाचणी एकाच औषधाची झाली होती.

मला या सगळ्या विषयात हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. केटामाइनमधला बराचसा धोका सुई टोचण्याआधी, निवडीतच टळतो किंवा ओढवून घेतला जातो. म्हणून आमच्या डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं. मी त्यांच्या यजमानांना वेगळं बसवून विचारलं: कधी आठवडाभर अगदी कमी झोपूनही त्या भलत्याच उत्साहात, खर्च करत, भरभर बोलत होत्या का? कारण उदासी आणि अतिउत्साह अशी दोन टोकं गाठणाऱ्या बायपोलर आजारातलं नैराश्य वरून असंच दिसतं आणि त्याचे उपचार वेगळे असतात. दारू, इतर नशा, कोणी नसताना आवाज ऐकू येणं, संशय, हेही विचारलं. यातलं काही नव्हतं. सापडला तो रक्तदाब: १५०/९६, आणि त्यावर कसलंच औषध चालू नाही. केटामाइन रक्तदाब तात्पुरता वाढवतं, त्यामुळे तो आधी आटोक्यात आणणं भागच होतं. धमनीला फुगा असेल किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर केटामाइनचाच एक प्रकार असलेलं एस्केटामाइन देतच नाहीत. केटामाइनच्या बाबतीतही डॉक्टर तेच पथ्य पाळतात.

रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू झालं, आणि रक्तदाबावर लक्ष ठेवत नैराश्यासाठी व्हेनलाफॅक्सिन हळूहळू २२५ मिलिग्रॅमपर्यंत नेलं, कारण तेही रक्तदाब वाढवू शकतं. आठ आठवड्यांनी मॅड्रस या मोजपट्टीवर (शून्य ते ६०, जास्त म्हणजे वाईट) त्यांचा आकडा ३४ वरून ३१ झाला. आता दोन औषधं खऱ्या अर्थाने निष्फळ ठरली होती. पुढचा प्रश्न होता तो ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात ते, की केटामाइन.

इथे जर्नल क्लबचा निबंध कामाला आला. अमित आनंद आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. मनोविकृतीची लक्षणं नसलेल्या, औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत वाटलं: एका गटाला आठवड्यातून तीनदा ईसीटी, दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा शिरेतून केटामाइन, तीन आठवडे. लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून कमी झालेले रुग्ण केटामाइन गटात ५५.४ टक्के आणि ईसीटी गटात ४१.२ टक्के निघाले. स्मरणशक्तीला झळ केटामाइनने कमी बसली.

आकडे ऐकून निवासी डॉक्टर खूश झाले, पण विभागातल्या मॅडमनी त्यांना थांबवलं. बरेचसे रुग्ण बाहेरून ये-जा करणारे होते, आणि ईसीटीची सुरुवात मेंदूच्या एकाच बाजूला, सौम्य पद्धतीने केली होती. स्वीडनमधल्या २०२१ च्या अभ्यासात भरती असलेले, जास्त आजारी रुग्ण होते, तिथे उलट निकाल लागला: आजार जवळपास पूर्ण ओसरलेले रुग्ण ईसीटीने ६३ टक्के, केटामाइनने ४६ टक्के. म्हणून भास किंवा भ्रम असलेला, खाणंपिणं सोडलेला किंवा दगडासारखा निश्चल झालेला रुग्ण असेल, तर आमच्याकडे ईसीटीचाच विचार आधी होतो.

मॅडमचा दुसरा आक्षेप मला फार मोलाचा वाटला. केटामाइन घेतलेल्याला ते लगेच जाणवतं, त्यामुळे कोणाला खरं औषध मिळालं हे लपत नाही आणि आशेचाही गुण येतो. २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या गटाने शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या ४० नैराश्यग्रस्तांना भुलीतच केटामाइन किंवा साधं सलाइन दिलं. दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात फरक निघाला नाही. भुलीच्या औषधांचाही परिणाम असू शकतो, त्यामुळे यावरून केटामाइन निकामी ठरत नाही. पण ‘चमत्कारी इंजेक्शन’ हा शब्द मी रुग्णापुढे वापरत नाही, तो यामुळेच.

सुलभाताईंना भास-भ्रम नव्हते, जेवण चालू होतं, आणि नोकरीमुळे स्मरणशक्तीची धास्ती होती. सर्वांनी मिळून केटामाइन ठरवलं. झोपेसाठी त्या घेत असलेलं लोराझेपाम डॉक्टरांनी आधी हळूहळू कमी केलं, कारण त्या जातीच्या गोळ्यांनी केटामाइनचा गुण बोथट होऊ शकतो.

माझं काम त्यांना त्या चाळीस मिनिटांसाठी तयार करण्याचं होतं. शरीर आपलं नाही असं वाटेल, वेळ ताणल्यासारखी वाटेल, आवाज लांबून येतील. हे औषधामुळे होतं आणि बहुधा तास-दोन तासांत जातं, हे आधीच सांगून ठेवलं. हे माहीत नसेल तर माणूस ‘मला वेड लागलं’ म्हणून घाबरतो आणि पुढची खेप नाकारतो.

वजन ५८ किलो, मात्रा किलोला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे २९ मिलिग्रॅम. ते सलाइनमध्ये मिसळून सिरिंज पंपाने ४० मिनिटांत दिलं. उपाशीपोटी, भूलतज्ज्ञ समोर, ऑक्सिजन आणि हाताने श्वास देण्याची अँबू बॅग जवळ. रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन दर दहा मिनिटांनी लिहिलं जात होतं. सुरुवातीला रक्तदाब १२८/८२ होता, चाळिसाव्या मिनिटाला १५२/९४, दोन तासांनी १३२/८४. तो १८०/११० च्या वर गेला तर थांबायचं, असा आमचा नियम आहे. मध्येच त्या म्हणाल्या, ‘माझे हात कुठे गेले?’ मी म्हटलं, ‘इथेच आहेत ताई, डोळे मिटून राहा,’ एवढंच. त्या अवस्थेत वाद घालायचा नाही, प्रश्नही विचारायचे नाहीत. दोन तासांनंतर त्या सरळ चालताहेत, तारीख-ठिकाण सांगताहेत, रक्तदाब खाली आलाय, हे पाहूनच यजमानांसोबत घरी सोडलं. झोप होऊन दुसरी सकाळ होईपर्यंत गाडी चालवायची नाही आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही.

दुसऱ्या दिवशी मॅड्रस १७. चौथ्या दिवशी पुन्हा २४, आणि घर हादरलं. मी हे आधी सांगितलं होतं, तरीही. एका मात्रेचा गुण काही दिवसच टिकतो, म्हणून आठवड्याला दोन अशा सहा मात्रा ठरलेल्या असतात. आशा वाढून पुन्हा घसरण्याचे हे दिवस मला सर्वांत नाजूक वाटतात. मरणाचे विचार आहेत का, हे प्रत्येक भेटीत आणि या दिवसांत फोनवरही मी थेट विचारते. सहा मात्रांनंतर आकडा १२ झाला. व्हेनलाफॅक्सिन चालूच ठेवलं आणि आमच्या समुपदेशनाच्या बैठका सुरू झाल्या. आनंद यांच्या अभ्यासात केटामाइनने सुधारलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला होता, हे मी दोघांनाही स्पष्ट सांगितलं.

आता सवयीबद्दल. हे औषध आम्ही रुग्णाच्या हातात कधीच देत नाही. आपल्याकडे केटामाइन शेड्यूल एक्समध्ये आहे: दुहेरी प्रतीत चिठ्ठी, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मंजूर झालेला एस्केटामाइनचा नाकात मारायचा स्प्रेसुद्धा ठरलेल्या केंद्रातच, दोन तास देखरेखीखाली घ्यावा लागतो. तरी धोका शून्य नाही. ठरलेल्या तारखेआधी मात्रा मागणं, मनःस्थितीपेक्षा ‘त्या अनुभवा’चीच गोष्ट काढणं, दुसऱ्या क्लिनिकची चौकशी करणं, हे दिसलं की आम्ही थांबतो. पूर्वी नशेचा त्रास होऊन गेला असेल, तर बहुधा सुरूच करत नाही. वारंवार लघवीला जावं लागणं, जळजळ, ओटीपोटात दुखणं हेही दर खेपेला विचारतो. नशेसाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला गंभीर इजा होते. उपचारांच्या मात्रेत ते क्वचित आढळतं, पण महिनोन्‌महिने घेण्याबद्दलचा पुरावा अजून तोकडा आहे.

तेव्हा तुम्ही डॉक्टरांना भेटाल तेव्हा ताईंच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या न्या, प्रत्येक गोळी किती दिवस आणि कोणत्या मात्रेत घेतली ते कागदावर उतरवून न्या. केटामाइन देताना भूलतज्ज्ञ असतील का, किती वेळ थांबवतील, रक्तदाब किती असेल तर देणार नाहीत आणि सहा मात्रांनंतर पुढे काय, हे विचारा. केटामाइन घरी नेऊन घ्यायला देतो असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. आणि ताई आज-उद्याच जीव देण्याचं बोलत असतील, तर या सगळ्यासाठी थांबू नका. त्यांना एकटं सोडू नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. मधल्या वेळेत टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.