पंपाची पाटी वाचताना आधी हेड पाहा

नवा पंप घेण्यासाठी तुम्ही सोसायटीच्या सध्याच्या पंपाच्या पाटीचा फोटो पाठवला आहे. पाटीवर गंज असला तरी ३ एचपी (२.२ किलोवॅट), ४१५ व्होल्ट आणि हेड २०–३६ मीटर एवढे फोटोत स्पष्ट वाचता येते. हेड म्हणजे पंप पाणी किती मीटर उंच चढवू शकतो ते माप. ४१५ व्होल्ट म्हणजे थ्री फेज, त्यामुळे २३० व्होल्टची सिंगल फेज मोटर तिथे आहे त्या स्टार्टरवर चालणार नाही. मात्र खरी चूक एचपीवरच बोट ठेवून खरेदी करण्यात होते. तळटाकीच्या तळापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत २५ मीटर उंची आणि पाइप-बेंडमधील घर्षणाचे अंदाजे ४ मीटर धरले, तर २९ मीटर हेड लागते. १२–१८ मीटर हेडचा पंप ३ एचपीचाच असला तरी त्याचे पाणी गच्चीपर्यंत पोहोचणारच नाही. ३६ मीटरच्या टोकाला प्रवाह सर्वांत कमी असतो, म्हणून २९ मीटरला मिनिटाला किती लिटर मिळतात, हे दुकानदाराकडील तक्त्यात पाहूनच पंप निवडावा.