शुक्रवारी किती मीटर झालं?

फोंड्याच्या साइटवर शुक्रवारपर्यंत 120 मीटर पाइप टाकले, असं तू वहीत लिहिलंस. तो झाला नुसता डेटा. बेतात तोवर 150 मीटर होते. 120 भागिले 150 म्हणजे 0.8, काम मागे आहे. पावसाचं पाणी चरात साचलं म्हणून मागे, हे जोडलंस की त्याची माहिती होते. आणखी एक पंप लावायचा का, हे साहेबांना ठरवता यावं म्हणून ती मांडलीस की अहवाल.

प्रकल्प माहिती प्रणाली, म्हणजे हे आकडे भरायचं सॉफ्टवेअर, मूळ बेत जपते, भागाकारही करते. पण सोमवारी आठवून भरलेला चुकीचा आकडा तिला ओळखता येत नाही, अहवाल तसाच पुढे जातो. म्हणून मोजणी त्याच संध्याकाळी, चराजवळ उभं राहूनच भर.