1,499 ची पाटी आणि 1,573.95 चं बिल

प्रश्न : वकीलसाहेब, मी निपाणीत राहते. खणाचे कुर्ते शिवून घेते आणि स्वतःच्या वेबसाइटवर विकते. जीएसटी नंबर आहे, साधा, कंपोझिशनचा नाही. कुर्त्याखाली किंमत 1,499 दिसते, पैसे भरायच्या पानावर 5 टक्के टॅक्स आणि कुरिअरचे 80 मिळवले जातात. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने ईमेल केलाय की जाहिरातीतल्या किमतीपेक्षा 74 रुपये 95 पैसे जास्त घेतले, ते परत करा आणि पक्कं बिल द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जातो. आमची वेबसाइट फक्त 'ऑर्डर समरी' काढते. त्यात 'टॅक्स 74.95' एवढंच येतं. गेल्या सहा महिन्यांत महाराष्ट्रात असे 40 कुर्ते गेले. रिटर्नमध्ये सगळी विक्री सीजीएसटी-एसजीएसटीत दाखवलीय. कोल्हापूर तर आम्हाला बेळगावपेक्षा जवळ! मी कुठे चुकले?

उत्तर : ताई, गिऱ्हाइकाने एक चूक दाखवली, त्यामागे दुसरी आहे. ती त्यांना दिसलेली नाही, पण खात्याला दिसेल. आधी त्यांचीच घेऊ.

टॅक्स वेगळा लावायला जीएसटी कायद्याची मनाई नाही. दोन व्यापारी एकमेकांत 'अधिक जीएसटी' म्हणून रोज भाव ठरवतात. पण तुमचं गिऱ्हाईक ग्राहक आहे आणि दुकान ऑनलाइन आहे, म्हणून ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 लागू होतात. वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात दाखवा आणि त्या आकड्यात टॅक्स किती, कुरिअर किती याची फोड द्या, असं ते सांगतात. आधी कमी आकडा दाखवून शेवटच्या पानावर तो वाढवत नेणं याला 30 नोव्हेंबर 2023 च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक तत्त्वांत नावच आहे, 'ड्रिप प्राइसिंग'. तुमच्या मनात फसवणूक नव्हती हे मला पटतं, पण पानावर दिसतं ते तेच. कुर्त्याच्या टॅगवर 'एमआरपी, सर्व करांसह' असं छापून त्यावर आणखी टॅक्स घेत असाल तर मग वाद घालायलाही जागा उरत नाही.

तेव्हा 74.95 परत करा. आयोगात तुमची बाजू अगदीच पडेल असं नाही, कारण पैसे भरण्याआधी पूर्ण रक्कम त्यांना दिसली होती. पण 75 रुपयांसाठी पुण्याला वकील उभा करणं मला तरी सुचवता येणार नाही. परत दिलेल्या रकमेची क्रेडिट नोट काढून त्यातला टॅक्स कमी करता येतो. तो भरतो 3 रुपये 57 पैसे. तो सोडून द्या, असं माझं मत.

आता पुढची किंमत. टॅक्स आत धरलेल्या रकमेतून टॅक्स काढताना बरेच जण सरळ 5 टक्के काढतात, म्हणजे 1,499 चे 74.95. हे चूक. सीजीएसटी नियम 35 मधलं सूत्र असं :

```
टॅक्स = एकूण किंमत × दर ÷ (100 + दर)
1,499 × 5 ÷ 105 = 71.38
```

मालाची किंमत 1,427.62 आणि टॅक्स 71.38, बेरीज बरोबर 1,499. म्हणजे पाटी तीच ठेवलीत तर कुर्त्यामागे तुमच्या हातात 71 रुपये कमी येतील. ते परवडत नसेल तर पाटी 1,575 करा, 1,500 माल आणि 75 टॅक्स. पैशांची कटकटही मिटते.

कुरिअरचे 80 रुपये तुम्ही बिनटॅक्सचे घेतलेत, तिथेही पाय घसरलाय. माल पोचवण्यासाठी गिऱ्हाइकाकडून जे घेता ते विक्रीच्या किमतीतच धरलं जातं आणि त्याला मुख्य मालाचाच दर लागतो, इथे 5 टक्के. 80 मध्ये 3.81 टॅक्स दडलेला आहे. तो तुम्ही भरलेला नाही, म्हणून तो वार्षिक 18 टक्के व्याजासह भरावा लागेल. कर्नाटकातल्या ऑर्डरींनाही हे लागू आहे, विसरू नका.

किंमत ठरवताना आणखी एक खड्डा सांगतो, कारण उद्या तुम्ही भारी जॅकेट, लेहंगा विकायला लागाल. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याला नगामागे 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के आहे. ही मर्यादा टॅक्स वगळलेल्या किमतीची. समजा पाटीवर लिहिलं 2,800, टॅक्ससह. 5 टक्के धरून टॅक्स काढला तर मालाची किंमत येते 2,666.67, म्हणजे 2,500 च्या वर, दर 18 हवा. 18 धरून काढला तर येते 2,372.88, म्हणजे 2,500 च्या आत, दर 5 हवा. कुत्रं शेपटीमागे फिरावं तसा हा हिशेब फिरत राहतो. टॅक्ससह किंमत 2,625 च्या वर आणि 2,950 पर्यंत असली की हेच होतं. त्या पट्ट्यात पाटी लावूच नका.

आता मागची चूक. कोल्हापूर जवळ आहे हे खरंच. निपाणीहून कागलला आपण चहा प्यायला जाऊन येतो, तिकडच्या सोयरिकी आहेत, भाषा एक. सीमेबद्दल तुमचं-माझं मत काय हे जीएसटी विचारत नाही. ते विचारतं एवढंच, माल पोचला कुठे? आपला कोड 29, महाराष्ट्राचा 27, गोव्याचा 30. माल 29 मधून 27 मध्ये गेला की व्यवहार आंतरराज्य, टॅक्स आयजीएसटी. निपाणी ते बेळगाव असेल तर अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी. गिऱ्हाईक दोन्हीकडे सारखेच पैसे देतं, म्हणून ही चूक बिलात कुणाला टोचत नाही. पण महाराष्ट्राच्या वाट्याचा टॅक्स कर्नाटकाच्या खात्यात जातो.

पुण्याची बहीण ऑर्डर करते आणि कुर्ता चिक्कोडीच्या भाचीला पाठवायला सांगते, तेव्हा काय? बिल कुणाच्या नावाचं हे इथे महत्त्वाचं नाही. 26 जून 2024 च्या केंद्राच्या परिपत्रकानुसार नोंदणी नसलेल्या ऑनलाइन गिऱ्हाइकाच्या बाबतीत माल जिथे पोचवला तो पत्ता धरायचा आणि बिलातही तोच लिहायचा. म्हणजे चिक्कोडी, सीजीएसटी-एसजीएसटी. तुमच्या वेबसाइटच्या सेटिंगमध्ये टॅक्स बिलिंगच्या पत्त्यावरून ठरतो की शिपिंगच्या, हे आजच उघडून पाहा. तो शिपिंगवरून ठरला पाहिजे.

त्या 40 कुर्त्यांचं निस्तरण्यासाठी कायद्यात वाट आहे. चुकीच्या खात्यात भरलेला टॅक्स सरकार आपणहून इकडून तिकडे वळवत नाही. आधी आयजीएसटी नव्याने भरायचा, मग सीजीएसटी कायद्याच्या कलम 77 खाली आधी भरलेला परत मागायचा. तुमचा आकडा असा : 74.95 गुणिले 40, म्हणजे 2,998 रुपये. त्यात कुरिअरवरचे सुमारे 152 मिळवा. एवढा, म्हणजे 3,150 च्या आसपास आयजीएसटी भरा. यातल्या 2,998 वर व्याज नाही, कारण तेवढे सरकारकडे वेळेत आलेच होते, खातं तेवढं चुकलं होतं. आयजीएसटी कायद्याच्या कलम 19 मध्ये ते स्पष्ट आहे. व्याज फक्त कुरिअरच्या 152 वर.

परताव्याचा अर्ज पोर्टलवर `RFD-01` मध्ये होतो, आयजीएसटी भरल्यापासून दोन वर्षांच्या आत. खात्याने चूक काढायची वाट बघावी लागत नाही. स्वतःच्या लक्षात आली तरी चालतं, हे 2021 च्या परिपत्रकात सांगितलं आहे. फक्त 1,000 रुपयांच्या आतला परतावा मिळत नाही आणि ही मर्यादा प्रत्येक खात्याला वेगळी मोजतात. तुमचे सीजीएसटीत 1,499 आणि एसजीएसटीत 1,499 बसतात, थोडक्यात बचावलात. कुर्ते 25 असते तर दोन्ही खात्यांत हजाराच्या आतच अडकले असते. सीएने त्याच विक्रीची क्रेडिट नोट काढून टॅक्स आधीच जुळवून घेतला असेल तर मात्र अर्ज करू नका, दोन्ही मिळत नाहीत.

शेजारचे कुणी 'कंपोझिशनमध्ये जा, कटकट संपेल' म्हणतील. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही आणि गिऱ्हाइकाकडून टॅक्सही घेता येत नाही. तुमचा धंदाच दूधगंगेपलीकडे आहे, तेव्हा तो रस्ता बंद.

राहिलं बिल. 'ऑर्डर समरी' म्हणजे टॅक्स इन्व्हॉइस नाही. माल कुरिअरकडे देण्याआधी किंवा देताना इन्व्हॉइस तयार हवं. त्यावर तुमचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, तारीख, मालाचं वर्णन आणि नग, सूट वजा जाता किंमत, टॅक्सचा दर, कोणत्या खात्यात किती टॅक्स, राज्याबाहेर माल जात असेल तर त्या राज्याचं नाव, आणि सही. क्रमांक सलग हवा, 16 अक्षरांच्या आत, आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. लोक इथे हमखास फसतात. वेबसाइटचा ऑर्डर क्रमांक तोच बिलाचा क्रमांक ठेवतात. पण रद्द झालेल्या, पैसे अडकलेल्या ऑर्डरीही क्रमांक खातात, मग मालिकेत भोकं पडतात आणि मधली बिलं कुठे गेली म्हणून अधिकारी विचारतो. बिलांची मालिका वेगळी ठेवा, उदाहरणार्थ `NPN/26/0001`, आणि माल कुरिअरकडे देतानाच पुढचा क्रमांक पडू द्या.

इन्व्हॉइस न देता माल पाठवला तर कलम 122 खाली दंड किमान 10,000 रुपये, आणि तो केंद्र आणि राज्य अशा दोन्ही कायद्यांखाली लागू शकतो. टॅक्स 5,000 च्या आत आणि चूक सहज दुरुस्त होण्यासारखी असेल तर दंड नको, असं कलम 126 म्हणतं खरं. पण जिथे दंडाची रक्कम ठरलेली आहे तिथे ते लागू होत नाही, असं खातं म्हणू शकतं. त्या कलमावर भिस्त ठेवू नका. नोटीस येण्याआधी टॅक्स भरलेला असणं हाच तुमचा खरा बचाव.

पुण्याच्या गृहस्थांना आजच्या तारखेचं इन्व्हॉइस पाठवा, मागची तारीख टाकू नका. त्यात जुना ऑर्डर क्रमांक लिहा. घेतले होते तेच आकडे येऊ द्या : कुर्ता 1,499, कुरिअर 76.19, आयजीएसटी 78.76, एकूण 1,653.95, पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र (27). सोबत 74.95 परत केल्याचा यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडा आणि त्यांच्या मूळ ईमेललाच उत्तर म्हणून धाडा, म्हणजे सगळी चिठ्ठीचपाटी एका जागी राहील.