कॅप्सूल पोटात गेलीच नव्हती

प्रश्न: चार दिवसांपासून गोळी गिळताना किंवा गरम काही पिताना छातीच्या मधल्या हाडामागे जळजळतं, टोचतं. ही ॲसिडिटीच ना?

असेलही. पण आधी एक सांगा, दुखायच्या आदल्या रात्री तुम्ही कुठली गोळी, किती पाण्याबरोबर घेतली होती? आणि घेतल्यावर किती वेळाने आडवे झालात? मला असंच दुखत होतं तेव्हा हे तीन दिवस कुणी विचारलं नाही. घरातला प्रत्येक जण मात्र ॲसिडिटीचा तज्ज्ञ होता, आणि त्यात आमचे दादा सर्वात पुढे.

चेहऱ्यावरच्या पुरळासाठी त्वचेच्या डॉक्टरांनी मला डॉक्सीसायक्लिनच्या १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिल्या होत्या. सहा दिवस काही झालं नाही. सातव्या रात्री झोपेत असतानाच आठवलं की कॅप्सूल राहिली. दिवा न लावता चाचपडत ती काढली, उशाच्या बाटलीत तळाला घोटभर पाणी होतं तेवढ्यावर ढकलली आणि परत कूस बदलून झोपले. सकाळी गरम पेयाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवावा लागला. घोट खाली उतरताना एका जागी पोचला की तिथे सुरी फिरल्यासारखं व्हायचं. ती जागा मी बोटाने दाखवू शकत होते, हाडाच्या बरोबर मध्ये.

दादा म्हणाले, "पित्त झालंय, बाकी काही नाही." मी ॲसिडिटीचं पातळ औषध प्यायला लागले, आणि कॅप्सूलचा कोर्स मोडायचा नाही म्हणून तीही चालूच ठेवली. यात दोन गाढवपणा झाले. जखमेवर रोज नवी कॅप्सूल घासत होती, हा पहिला. दुसरा मला नंतर कळला. ॲसिडिटीच्या त्या औषधातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डॉक्सीसायक्लिनला पकडून ठेवतं, ती अंगात नीट शोषलीच जात नाही. म्हणजे अन्ननलिका भाजत होती आणि पुरळाला औषधही पोचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो मी तुम्हाला वर विचारलाय. माझ्या तोंडून "घोटभर पाणी" ऐकल्यावर ते म्हणाले, "अहो, मग ती पोटात गेलीच नसेल." पाणीही नीट जात नव्हतं म्हणून त्यांनी दुर्बिणीची तपासणी केली. पडद्यावर गुलाबी, गुळगुळीत नळी दिसत होती आणि मध्येच समोरासमोर दोन पिवळट पांढरे चट्टे, कडेने लाल. त्यांच्या वरची आणि खालची नळी अगदी निरोगी होती. दातांपासून साधारण २४ सेंटीमीटरवर. तिथे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची कमान बाहेरून अन्ननलिकेला टेकते, म्हणून नळी जराशी अरुंद असते. कॅप्सूल तिथेच थांबते.

ती थांबली की काय होतं? जिलेटिनचं कवच ओलं झालं की चिकट होतं. जागेपणी आपण सारखी लाळ गिळत असतो आणि वजनानेही गोष्टी खाली सरकतात. झोपेत लाळ कमी, गिळणं जवळजवळ बंद, आणि आपण आडवे. कवच जागच्या जागी विरघळतं आणि आतलं औषध एकाच ठिकाणी सांडतं. डॉक्सीसायक्लिन पाण्यात विरघळली की चांगलीच आम्लधर्मी होते. म्हणजे हे पोटातलं आम्ल वर आल्याने नाही, वरून टाकलेल्या औषधाने भाजलेलं असतं. दादांना हा फरक आजही मान्य नाही.

ओळखायचं कसं, तर ॲसिडिटीची जळजळ पसरट असते, जेवल्यावर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढते आणि बऱ्याचदा जुनी ओळखीची असते. गोळीची जखम अचानक येते, गिळतानाच दुखते आणि एका ठिकाणी दुखते. आधी कधी असा त्रास नव्हता आणि नवी गोळी सुरू झाली, एवढं जुळलं तर संशय गोळीवरच घ्या. डॉक्सीसायक्लिन एकटीच दोषी नाही. लोहाच्या गोळ्या, पोटॅशियमच्या गोळ्या, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, हाडांसाठीची ॲलेंड्रोनेट, या सगळ्या हेच करतात.

माझी कॅप्सूल बंद झाली, त्वचेच्या डॉक्टरांनी त्याऐवजी लावायचं मलम दिलं. सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल, आणि जेवणाआधी व झोपताना सुक्रालफेटचं पातळ औषध, जे जखमेवर थर धरतं. खाणं मऊ आणि गार. चौथ्या दिवशी थुंकी दुखायची थांबली, दहाव्या दिवशी मी पुन्हा गरम पेय प्यायले. बहुतेकांचं असंच एक-दोन आठवड्यांत भरून येतं, पण अट एकच, गोळी थांबायला हवी. ती मनाने थांबवू नका, ज्यांनी दिली त्यांना फोन करा. हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर हे दुप्पट लागू. बऱ्याच औषधांना दुसरा प्रकार किंवा पातळ रूप असतं. कॅप्सूल फोडून किंवा गोळी कुटून घेण्याचा शहाणपणाही विचारल्याशिवाय नको, काही गोळ्या सावकाश विरघळाव्यात म्हणूनच तशा बनवलेल्या असतात.

आता दादांबद्दल. ते गोळी कोरडी गिळतात, पाण्याशिवाय, आणि वर म्हणतात, "मला कधी काही झालं नाही." न होणं हा पुरावा नाही हो. मला तरी पहिले सहा दिवस कुठे काही झालं होतं? उभं राहून किंवा ताठ बसून आधी एक घोट, मग गोळी, मग पूर्ण पेलाभर म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्रीची गोळी झोपताना नाही, झोपायच्या अर्धा तास आधी. यात वाद घालण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

हे आधी लिहायला हवं होतं, रागात राहून गेलं. छातीतलं दुखणं गिळण्याशी न जुळता चालताना-चढताना येत असेल, घाम, धाप किंवा हातात-जबड्यात कळ असेल, तर हे उत्तर बंद करा आणि लगेच दवाखाना गाठा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, किंवा पाणी-लाळही न उतरणं, यालाही थांबायचं नाही. दम्याचा स्टिरॉइड पंप घेत असाल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर अन्ननलिकेत बुरशी होऊनही असंच दुखतं आणि तिचं औषध वेगळं. घास अडकणं वाढत चाललं असेल किंवा वजन उतरत असेल, तर दुर्बीण टाळू नका.

आईला आता हाडांसाठी आठवड्याची ॲलेंड्रोनेट सुरू झालीय. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबरच घ्यायची असते आणि नंतर किमान अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं असतं. परवा दादा तिला गादीतच गोळी आणि अर्धी वाटी पाणी देत होते. पेला मी आणून दिला. "एवढं पाणी कशाला?" असं त्यांनी विचारलंच.